फिजिओ मॅडमना शेवटची चिठ्ठी: नुसतं 'थँक्यू' का पुरत नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मधेमधे येणारे 'अं' आणि 'म्हणजे' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय छोटा वाटेल. एक चिठ्ठी. पण ती लिहायला मला चार दिवस लागले, म्हणून म्हटलं यावर एक भाग करूया.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मागच्या वर्षी पुण्यात एका टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळत होतो. चेंडू अडवायला वळलो, पाय जमिनीवर रुतलेला राहिला आणि गुडघा वळला. 'टक्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. एमआरआयमध्ये कळलं की एसीएल तुटलंय. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा एक पट्टा. नडगी पुढे सरकू नये, गुडघा वळताना निसटू नये, हे त्याचं काम. ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीच्या मागच्या स्नायूची शीर काढून तिथे नवीन पट्टा बसवला. आणि मग फिजिओथेरपी. पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, मग एकदा. नऊ महिन्यांत साठेक सेशन झाले.

शेवटच्या दिवशी मी पेढे नेले, 'थँक्यू मॅडम' म्हणालो आणि निघालो. शूज घालत होतो तेव्हा मॅडम सहज म्हणाल्या, "चला, तुमचा शेवट तरी कळला. निम्मे पेशंट चालायला लागले की यायचे थांबतात. पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळतच नाही."

गाडी काढेपर्यंत ते वाक्य डोक्यात फिरत होतं. आम्ही कोड लिहितो, तो चालतो की पडतो हे लॉगमध्ये दिसतं. या बाई रोज आठ-दहा गुडघे, खांदे, पाठी बघतात, आणि त्यातल्या अर्ध्यांचा लॉग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पेढ्यांनी ती अडचण सुटत नव्हती. म्हणून ठरवलं, नीट चिठ्ठी लिहायची.

पहिला ड्राफ्ट आणि त्यात काय चुकलं

घरी येऊन दहा मिनिटांत हे लिहिलं:

"आदरणीय मॅडम, तुमचे आभार कसे मानू तेच कळत नाही. तुम्ही माझ्यासाठी देवासारख्या आहात. तुमच्यामुळे मी आज माझ्या पायावर उभा आहे. तुमचा स्वभाव आणि तुमचं ज्ञान दोन्ही अप्रतिम. तुमचा सदैव ऋणी."

वाचून बरं वाटलं. मग बहिणीला दाखवलं. ती म्हणाली, "दादा, हेच तू डेंटिस्टला पाठवू शकतोस. फक्त 'पायावर उभा' काढ."

खरंच की. आमच्यात कमिट मेसेजमध्ये कुणी नुसतं `fixed issue` लिहिलं की सगळे चिडतात. काय बिघडलं होतं, कशाने सुटलं, काहीच कळत नाही. माझी चिठ्ठी तशीच होती. त्यात गुडघा नव्हता, मॅडम नव्हत्या आणि मीही नव्हतो.

आणि 'देव' हा शब्द. आपल्याकडे तो सहज येतो, मनापासूनही येतो. पण मॅडमनी चमत्कार केला नव्हता. त्यांनी कोनमापक लावून मोजलं, थांबवलं, पुन्हा मोजलं. देव म्हटलं की हे सगळं पुसलं जातं. वर, रोज सकाळी अर्धा तास घाम मी गाळला होता, तोही पुसला जातो.

मग चांगल्या चिठ्ठीत काय हवं? मी एकच कसोटी ठरवली: वाचल्यावर मॅडमना त्यांच्या कामाबद्दल असं काहीतरी कळायला हवं जे क्लिनिकमध्ये बसून दिसत नाही. त्यासाठी मोठे शब्द लागत नाहीत, प्रसंग लागतात. मी व्यायामाची वही काढली, व्हॉट्सअपवर त्यांनी पाठवलेले व्हिडिओ तारखेनुसार बघितले आणि नऊ महिन्यांतले फक्त तीन प्रसंग निवडले. निवडताना प्रश्न हा होता की मॅडमच्या कुठल्या एका सांगण्याने पुढची वाट बदलली.

प्रसंग पहिला: उशी

ऑपरेशननंतर घरी आलो तेव्हा आईने प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. गुडघा थोडा वाकलेला राहिला की दुखत नाही, मला झोप लागायची. दहाव्या दिवशी मॅडमनी गुडघा मोजला. वाकवणं ठीक होतं, पण सरळ करताना शेवटचे आठ अंश जात नव्हते.

"घरी गुडघ्याखाली काय ठेवता?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

एसीएलच्या ऑपरेशननंतर सगळ्यांचं लक्ष गुडघा किती वाकतो याकडे असतं. पण पहिल्या दोन आठवड्यांत जास्त काळजी सरळ होण्याची असते. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडला तर आत व्रणाच्या ऊती धरतात आणि नंतर ते शेवटचे अंश मिळवणं फार कठीण जातं, कधीकधी पुन्हा दुर्बीण घालावी लागते. शिवाय गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस लंगडतो, आणि मांडीच्या पुढचा स्नायू नीट आवळतच नाही.

मॅडमनी आईलाच समोर बसवलं आणि सांगितलं, "काकू, उशी काढायची नाही. फक्त खाली सरकवायची. टाचेखाली." म्हणजे टाच उंच, गुडघ्याखाली पोकळी, आणि गुडघा स्वतःच्या वजनाने खाली जातो. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दुखायचं, मी कुरकुरायचो, आई घड्याळ धरून बसायची. पुढच्या बारा दिवसांत शून्य अंश आला.

क्लिनिकमध्ये मॅडमना शून्य दिसला. आई घड्याळ घेऊन बसायची, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. आईला ओरडण्याऐवजी त्यांनी तिला काम दिलं, म्हणून ते झालं. चिठ्ठीत हे यायलाच हवं होतं.

प्रसंग दुसरा: मी खोटं बोललो तो महिना

हा प्रसंग लिहायचा की नाही यावर दोन दिवस गेले.

अकराव्या आठवड्यात मला एकदम छान वाटायला लागलं. सूज नाही, जिने चढतोय उतरतोय, ऑफिसला जातोय. मी म्हटलं, आता पळायला सुरू करतो. मॅडम म्हणाल्या, नाही. मी वाद घातला. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. "ग्राफ्ट म्हणजे कलमच की हो. कलम बांधल्यावर पानं हिरवी दिसतात म्हणून कुणी फांदीला झोका बांधत नाही."

यामागचं कारण असं. बसवलेली शीर पहिल्या दिवशी मजबूत असते. पण तिला रक्तपुरवठा नसतो. मग तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि हळूहळू ती शीर पट्ट्यासारखी घडत जाते. या घडामोडीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ती ऑपरेशनच्या दिवसापेक्षाही कमजोर असते. आणि नेमकं त्याच काळात दुखणं आणि सूज गेलेली असते. म्हणजे पेशंटला सगळ्यात बरं वाटतं तेव्हा ग्राफ्ट सगळ्यात नाजूक. बरं वाटणं हा इथे भरवशाचा सेन्सर नाही.

मला हे डोक्याने पटलं, पण मन खट्टू झालं. ऑफिसात रिलीज होती. मी दहा दिवस घरचे व्यायाम केलेच नाहीत, आणि विचारल्यावर 'करतोय ना मॅडम' असं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "कुठल्या व्यायामाला सगळ्यात जास्त ओढ बसते?" मला उत्तर देता आलं नाही. जो खरंच करतो त्याला हे पटकन सांगता येतं. मग त्यांनी पंधरा सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायावर हळू खाली उतरायला लावलं. गुडघा आत झुकला, मांडी थरथरली. दोन आठवड्यांपूर्वी असं होत नव्हतं.

मी ओरडा खायची तयारी ठेवली होती. त्यांनी वही घेतली, आठ व्यायामांपैकी पाच खोडले आणि म्हणाल्या, "रिलीज होईपर्यंत हे तीन. पण हे तीन खरे."

मी ते तीन केले. रिलीजनंतर आठवर परत गेलो. त्या दिवशी त्यांनी मला खोटं पकडून लाजवलं असतं, तर मी पुढच्या आठवड्यात 'मीटिंग आहे' असा मेसेज टाकला असता आणि यायचं थांबलो असतो. मॅडम म्हणतात त्या निम्म्या पेशंटमध्ये मीही असतो.

म्हणून हे लिहायचं ठरवलं. आपण ज्या दिवशी सोडून देणार होतो आणि सोडलं नाही, तो दिवस फक्त आपल्यालाच माहीत असतो. फिजिओला पुढच्या पेशंटसाठी उपयोगी पडेल अशी माहिती त्यातच जास्त असते. कबुली एका वाक्यात दिली, रडगाणं नाही. चिठ्ठी माझ्या अपराधीपणाची नव्हती.

प्रसंग तिसरा: एक्क्याऐंशी टक्के

सातव्या महिन्यात उडी चाचणी झाली. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायावर पुढे उडी मारायची, आणि तोल न जाता त्याच पायावर थांबायचं. मग अंतर मोजायचं. ऑपरेशन झालेल्या पायाचं अंतर भागिले चांगल्या पायाचं अंतर, गुणिले शंभर. माझा चांगला पाय १५० सेंटिमीटर, ऑपरेशनचा १२१. म्हणजे ८१ टक्के. खेळायला परत जायचं तर साधारणपणे निदान ९० हवेत, आणि तेही ताकदीच्या आणि इतर चाचण्यांसोबत.

टर्फवरच्या पोरांनी तर मला टीममध्ये घातलं होतं. मॅडमनी 'थांबा' एवढंच सांगितलं नाही, कारण दाखवलं. २०१६ साली एसीएल पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकं प्रत्येक महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं. दोन महिने थांबायचं म्हणजे काय मिळतं, ते आकड्यात समजलं.

नवव्या महिन्यात १५२ आणि १४१ आले. ९३ टक्के. मॅडमनी आणखी एक गोष्ट शिकवली: नुसते टक्के बघायचे नाहीत. इतके महिने कमी हालचाल झाल्याने चांगला पायही ढिला पडलेला असू शकतो, मग टक्के उगाच छान दिसतात. म्हणून टक्क्यांच्या शेजारी सेंटिमीटरही लिहायचे. चिठ्ठीत मी तसेच लिहिले.

काय लिहिलं नाही

काही गोष्टी लिहून मग खोडल्या.

'आधीच्या क्लिनिकमध्ये काहीच कळत नव्हतं, तुम्हीच खऱ्या' हे खोडलं. दुसऱ्याला खाली ओढून केलेलं कौतुक वाचणाऱ्याला अवघडवतं, आणि अशी चिठ्ठी त्यांना कुणाला दाखवताही येत नाही.

'मी शंभर टक्के बरा झालो' हेही खोडलं, कारण ते खरं नाही. उकिडवं बसून उठताना अजून ओढ बसते. फिजिओला खोटे शंभर टक्के नकोत. हे विशेषतः ज्यांचा उपचार अर्धवट यशावर संपतो त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या काकांना अर्धांगवायू झाला होता. वर्षभर फिजिओ करून उजवा हात पूर्ण परत आला नाही. त्यांच्या वतीने चुलत बहिणीने लिहिलं होतं: 'बाबा आता शर्टाची बटणं स्वतः लावतात, वरचं एक सोडून.' पूर्ण बरं झाल्याच्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे मोठं होतं, कारण खरं होतं.

तिसरं खोडलं ते शेवटचं 'ता.क.'. लिहिलं होतं, 'ता.क. आजकाल मान दुखते, काय करू?' आभाराच्या चिठ्ठीला फुकट सल्ल्याची शेपटी लावली की ती आभाराची राहत नाही. मान दुखत असेल तर अपॉइंटमेंट घ्यायची.

आणि तक्रार असेल तर? फी, वेळ, वेटिंग वगैरे काही खुपलं असेल तर ते वेगळं, सरळ सांगावं. आभारात गुंडाळून देऊ नये.

निरोपाचा भाग

चिठ्ठीत आभार आणि निरोप अशा दोन गोष्टी असतात, आणि निरोप आपण विसरतो. उपचार संपतो तेव्हा गुडघ्याची जबाबदारी मॅडमकडून माझ्याकडे येते. ऑफिसात नोकरी सोडताना आपण हँडओव्हर लिहितो ना, तसंच. मी पुढे काय चालू ठेवणार आणि कशासाठी परत येणार, हे लिहिलं की त्यांनाही कळतं की शेवटच्या दिवशी सांगितलेलं नीट पोचलंय की नाही. चुकीचं पोचलं असेल तर त्या दुरुस्त करू शकतात.

आणखी एक. नऊ महिने आठवड्यातून दोन-तीनदा भेटल्यावर ती व्यक्ती घरची वाटायला लागते. गप्पा होतात, आई डबा पाठवते. पण त्यांच्यासाठी हे काम आहे, आणि आपल्यानंतर त्याच खाटेवर दुसरा कुणी येणार आहे. म्हणून 'टच में रहना' छापाची वाक्यं मी टाळली. उत्तराची अपेक्षा नाही, हेही स्पष्ट लिहिलं.

पूर्ण चिठ्ठी

तर शेवटी ही झाली. परवानगी घेऊन वाचून दाखवतोय.

"मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या दिवशी तुम्ही म्हणालात की पेशंटचं पुढे काय झालं ते कळत नाही. म्हणून माझं काय झालं ते लिहून देतोय.

काल सिंहगडावर गेलो होतो. वर जाताना नव्हे, उतरताना भीती होती. उतरताना तुमचं 'गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत' हे वाक्य मनात म्हणत आलो. गुडघा निसटला नाही. संध्याकाळी सूज नव्हती. मात्र उकिडवं बसून उठताना अजून ओढ बसते, तेही सांगतो.

तीन गोष्टींसाठी आभार मानायचे आहेत.

पहिली, उशी. तुम्ही आईला रागावला नाहीत, तिला टाचेखालच्या उशीचं काम दिलंत. ती दिवसातून पाच वेळा घड्याळ घेऊन बसायची. ते शेवटचे आठ अंश निम्मे तिचे आहेत, आणि हे तिला अजून अभिमानाने सांगता येतं.

दुसरी, बारावा आठवडा. तेव्हा मी दहा दिवस व्यायाम केले नव्हते आणि केले म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला कळलं होतं, हे मला माहीत आहे. तुम्ही आठाचे तीन केलेत. त्या दिवशी मी सोडून देणार होतो. त्या तीन व्यायामांमुळे राहिलो.

तिसरी, ८१ टक्के. मला तेव्हा तुमचा राग आला होता. नवव्या महिन्यात १५२ ला १४१ आले तेव्हा गेला.

तुमच्याकडच्या इंटर्न ताईंनाही आभार सांगा. मी दहाव्या रिपिटिशनला 'झालं' म्हणायचो आणि त्या शांतपणे 'आठ' म्हणायच्या. त्या बरोबर मोजायच्या.

पुढचं माझ्याकडे: आठवड्यातून दोनदा मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे व्यायाम, आणि खेळण्याआधी पंधरा मिनिटं तुम्ही शिकवलेला वॉर्मअप, त्यात उडी मारून नीट उतरण्याचा सराव. सूज आली, गुडघा अडकला किंवा निसटल्यासारखा वाटला, तर व्हॉट्सअपवर न विचारता अपॉइंटमेंट घेऊन येईन. यात काही चुकलं असेल तर सांगा.

ही चिठ्ठी कुणा पेशंटला दाखवावीशी वाटली तर माझं नाव झाकून जरूर दाखवा. उत्तर पाठवायची गरज नाही.

आईचाही नमस्कार.

आपला,
मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सातचा गुडघा"

सही तशी का केली? वहीत माझ्या स्लॉटसमोर त्या 'मं-गु ७, उजवा गुडघा' असंच लिहायच्या. खाली अर्थात खरं नावही टाकलं.

कधी, कशावर, किती

शक्यतो शेवटच्या सेशननंतर आठवडा-दोन आठवड्यांत द्या. त्याच दिवशी दिली तर घरी गेल्यावर काय झालं हे त्यात येत नाही. फार उशीर केला तर तुमचे बारकावे विसरतात, आणि त्यांना तुमचा गुडघा.

मी कागदावर लिहून पाकिटात घालून रिसेप्शनवर दिली. व्हॉट्सअपही चालतं, पण सकाळी 'आज यायला उशीर होईल' अशा तीस मेसेजमध्ये ती हरवते. एक पान पुरे. गुगल रिव्ह्यू ही वेगळी गोष्ट. तो नव्या लोकांसाठी असतो, त्यात उशी आणि खोटं बोलणं नको. तिथे 'मोजून, कारण सांगून उपचार करतात' एवढं लिहिलं तरी उपयोगी.

आणि 'मला छान लिहिता येत नाही, त्यांना विचित्र वाटेल' म्हणून थांबू नका. २०१८ साली अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि पाठवणाऱ्यांचा अंदाज घेणाऱ्यांच्या प्रत्यक्ष भावनेशी ताडून पाहिला. पाठवणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा घेणाऱ्यांना अवघडलेपणा कमी वाटला आणि आनंद जास्त झाला. पाठवणारे शब्द बरोबर आहेत का याची चिंता करत होते, तर घेणाऱ्यांना त्यातली आपुलकी जास्त जाणवत होती.

माझ्या चिठ्ठीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. उत्तर नको लिहिलं होतं, तरी चार दिवसांनी मॅडमचा मेसेज आला. दोनच ओळी होत्या.

"वॉर्मअप पंधरा नाही, वीस मिनिटं. आणि उशीचा परिच्छेद नव्या पेशंटच्या आयांना वाचून दाखवतेय, चालेल ना?"

आईला दाखवला. तिने मेसेज दोनदा वाचला, मोबाईल परत दिला आणि म्हणाली, "पाच वेळा नाही रे, सहा वेळा बसायचे मी."

बरं, भेटू पुढच्या भागात. आणि तुमचा कुणी फिजिओ असेल, ज्यांच्याकडे तुम्ही जाणं अचानक थांबवलं असेल, तर त्यांना निदान एवढं कळवा की गुडघा कसा आहे.